मदत हवी आहे: गवताचे परागकण ४० वरून ७० टक्क्यांवर गेले, म्हणजे जंगल गेलं का?

शहाद्याची_पोर
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाळातल्या परागकणांवरून जुनी वनराई कशी ओळखायची यावर निबंध द्यायचाय. सरांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका काल्पनिक तळ्याचा तक्ता सरावासाठी करून दिलाय. १२० सेंमी खोलीवर ३०० कण मोजलेत: झाडांचे १५०, गवताचे १२०, इतर ३०. वर ६० सेंमीला पुन्हा ३००: झाडांचे ६०, गवताचे २१०, इतर ३०. मी सरळ लिहिलं की जंगल निम्म्याहून जास्त तुटलं आणि माळरान झालं. सरांनी समासात "लायकोपोडियम?" एवढंच लिहून वही परत दिली.

तसा रकाना तक्त्यात आहे: १२० ला १०० आणि ६० ला ४०. मला वाटलं नेच्यासारखं काहीतरी तळ्याकाठी उगवत असेल, म्हणून सोडून दिलं. खाली बारीक अक्षरात "गोळीत २०,०००, नमुना १ घनसेंमी" असंही आहे. काय चुकलं?

बोअरवाला_अमळनेर
ताई, आमना वावरमा बोअर मारा तव्हय खालून काळी माटी निंघनी. बोरीत भरून ठेवेल शे. तुमना कामनी असीन तर सांगा, कॉलेजला पोचती करतो.

रानवेडा
भाऊ, बोअरचा चुरा हवेच्या दाबाने वर येतो, सगळ्या थरांची खिचडी होते. कोर म्हणजे नळी दाबून अखंड काढलेला गाळ. तुमची माती वांग्यांना घाला.

ताई, लायकोपोडियम तिथे उगवलेलं नाही, ते प्रयोगशाळेत मुद्दाम टाकलेलं आहे. नमुन्यावर आम्लं ओतायच्या आधीच मोजलेल्या बीजाणूंची गोळी त्यात विरघळवतात. पुढे धुताना, चाळताना जे काही सांडतं ते परागकणांचं आणि बीजाणूंचं सारख्याच प्रमाणात सांडतं. त्यामुळे स्लाइडवर २०,००० पैकी किती दिसले त्यावरून मूळ गाळात किती परागकण होते ते काढता येतं. १२० ला झाडांचे १५० भागिले १०० गुणिले २०,०००, म्हणजे घनसेंमीला ३०,०००. ६० ला ६० भागिले ४० गुणिले २०,०००, पुन्हा ३०,०००! गवत मात्र २४,००० वरून १,०५,००० वर गेलं. म्हणजे झाडं होती तेवढीच राहिली, गवत वाढलं म्हणून त्यांची टक्केवारी खाली आली. जंगल जागेवर आहे, निबंध उलटा करून टाका.

शहाद्याची_पोर
अरे देवा, खरंच की. ३०० चा आकडा आधीच ठरलेला असल्यावर एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा कमी होणारच. आज रात्री पूर्ण लिहून काढते.

गाळ_आणि_चहा
थांबा, रात्रीची घाई करू नका. रानवेडा यांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच आहे. एका घनसेंमीत किती कण, हे गाळ किती वेगाने साचला यावरही ठरतं. दरवर्षी तेवढेच परागकण पडत असतील आणि माती मात्र निम्मी येत असेल, तर त्याच एका घनसेंमीत दुप्पट वर्षांचे कण मावतात. तक्त्यात थरांचे काळ दिलेत का?

शहाद्याची_पोर
हो. ३० सेंमीला ६०० वर्षांपूर्वी, ९० ला १८०० आणि १५० ला २४००.

गाळ_आणि_चहा
मग तुमच्या सरांनी सापळा छान लावलाय. खालचे ६० सेंमी ६०० वर्षांत साचले, म्हणजे वर्षाला ०.१ सेंमी. वरचे ६० सेंमी साचायला १२०० वर्षं लागली, वर्षाला ०.०५. आता घनसेंमीमागचे कण या वेगाने गुणा. झाडांचे दर चौरस सेंमीवर वर्षाला ३,००० पडत होते, ते १,५०० झाले. गवताचे २,४०० चे ५,२५० झाले. म्हणजे झाडांचे कण खरोखर निम्मे झाले आणि गवताचे दुपटीहून थोडे वाढले. टक्केवारीने झाडांची घट फुगवून दाखवली, रानवेड्यांच्या आकड्याने ती लपवली.

रानवेडा
मान्य. वेगाचं डोक्यातच आलं नाही. पण ९० सेंमीवरच वेग बदलला हे कशावरून? तिथे तारीख आहे म्हणून आपण रेघ तिथे मोडतो, एवढंच.

गाळ_आणि_चहा
बरोबर. वेग ७० ला बदलला की १०० ला, हे तीन तारखांवरून कळत नाही. निबंधात ते उघड लिहावं.

धुळ्याचे_मास्तर
जरा अवांतर. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन पांझरेकाठच्या काळ्या मातीचे नमुने केले होते. दोन दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि स्लाइडवर दिसलं काय, तर आम्हीच टाकलेलं लायकोपोडियम आणि कोळशाचे कण. मुलं हिरमुसली. मला तरी वाटतं खानदेशात परागकण शोधणं हाच व्यर्थ उद्योग आहे.

गाळ_आणि_चहा
मास्तर, दोष खानदेशाचा नाही, नमुन्याच्या जागेचा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचं खाली जातं, हवा आत शिरते. ओलं-कोरडं होत राहिलं की परागाचं कवच झिजतं. शिवाय आपली माती चुनखडीची. सतत पाण्याखाली राहिलेला, हवा न लागलेला तळ्याचा गाळ हवा. आपल्या त्यातल्या त्यात जवळचा, नीट अभ्यासलेला असा गाळ लोणारच्या सरोवराचा.

शहाद्याच्या ताई, यावरून एक तपासा. ६० सेंमीचे कण खरवडलेले, फाटलेले होते अशी काही नोंद आहे का? तळं अधूनमधून आटत असेल तर नाजूक कण आधी जातात आणि दणकट तेवढे उरतात. आणि "झाडं" हा रकाना फोडून मिळतो का? वावळ वाऱ्यावर पराग उधळतो, दहा झाडं असली तरी स्लाइड भरते. सागाचं काम कीटक करतात, पळसाचं पाखरं. बाभळीचे कण गुच्छाने जड होऊन झाडाखालीच पडतात. फाल्गुनात सगळा डोंगर पळसाने पेटलेला असला तरी गाळात त्याचा कण सापडेलच असं नाही.

शहाद्याची_पोर
झिजेची नोंद नाही. रकाना फोडून मागच्या पानावर आहे, मी पानच उलटलं नव्हतं 🙈 १२० ला वावळ ६०, बाकी झाडं ९०. ६० ला वावळ ४५, बाकी १५. तुमच्या पद्धतीने केलं तर वावळ वर्षाला १,२०० वरून १,१२५, जवळपास तेवढाच. बाकीची झाडं १,८०० वरून ३७५. आणि "इतर"मध्ये लव्हाळा ४ वरून १९ झालाय.

गाळ_आणि_चहा
आता निबंधाला धार आली. घट साऱ्या झाडांची नाही, वावळ सोडून उरलेल्यांची आहे. मात्र १५ कणांवर फार भार टाकू नका. आणखी ३०० मोजले तर ते १० येतील किंवा २२. दिशा पक्की म्हणा, आकडा नको.

लव्हाळ्याने गवताचा प्रश्न अवघड केलाय. पाणी उथळ झालं की काठाचं बोरू-गवत आत सरकतं आणि कोरच्या अगदी डोक्यावर पराग सांडतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते गवत आणि डोंगरावरचं गवत यांत फरक करता येत नाही. तेव्हा माळरान वाढलं की तळं आक्रसलं?

रानवेडा
माझं मत माळरानाकडे. झाडं कमी झालीत ना?

गाळ_आणि_चहा
पाऊस कमी झाला तर दोन्ही एकदम होईल. या तक्त्यावरून मी ठामपणे सांगणार नाही. पाणकणसाचा रकाना किंवा कोळशाची मोजणी असती तर काही बोलता आलं असतं. ताई, एवढं मात्र सरांना विचारा: तारखा शिंपल्यांवर काढल्यात असं गृहीत धरलंय की काडी-पानांवर? चुनखडीच्या पाण्यात वाढलेले शिंपले खऱ्यापेक्षा जुने दिसतात, मग वेगाचं सगळं गणित सरकतं.

शहाद्याची_पोर
तक्त्यात नुसतं "कार्बन-१४" लिहिलंय. सोमवारी विचारते आणि इथेच टाकते.

बोअरवाला_अमळनेर
म्हणजे माटी नको ना मग?