पुण्यात मुलीसाठी पीजी: करारात नोटीस, जेवण आणि डिपॉझिटचं काय लिहून घ्यावं?

लातूरची_आई: मुलीसाठी कर्वेनगरला पीजी पाहिलाय. जेवणासह महिना ९,०००, डिपॉझिट १८,०००. करारात 'एक महिन्याची नोटीस' आणि 'कपात करून डिपॉझिट परत' एवढंच आहे. सहीआधी काय बदलून घेऊ?

कागदपत्र: आधी नोटिशीचं वाक्य. एक महिना म्हणजे कळवल्यापासून तीस दिवस, की पुढच्या एक तारखेपासून पूर्ण महिना? समजा, मुलीने १० एप्रिलला कळवलं. पहिल्या अर्थाने ती १० मेला मोकळी, दुसऱ्या अर्थाने ३१ मेपर्यंतचं भाडं लागू. फरक २१ दिवसांचा, रोजचे ३०० धरून ६,३००. म्हणून 'व्हॉट्सॲपवर कळवल्यापासून ३० दिवस' असं स्पष्ट लिहून घ्या.

डिपॉझिटला मुदत घाला: खोली सोडल्यावर ७ दिवसांत, बँक खात्यात. कपात फक्त थकलेलं भाडं, वीजबिल आणि यादीतल्या वस्तूंच्या मोडतोडीची, तीही बिल दाखवून. 'रंगकाम व साफसफाई' अशी ठोक रक्कम असेल तर खोडायला लावा. राहायला जाताच गादी, कपाटाचं कुलूप, गीझर, भिंतीची ओल यांचे फोटो मालकांना पाठवा. आधीपासूनची ओल नंतर मुलीच्या नावावर पडते.

सह्याद्री९: अहो, ११ महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही. पाचशेचा स्टॅम्प आणि नोटरी, झालं काम.

कागदपत्र: ती ११ महिन्यांची सवलत केंद्राच्या नोंदणी कायद्यातली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, रजिस्टर व्हायला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

सह्याद्री९: लिव्ह अँड लायसन्सचं मान्य. पण एका खोलीत चार कॉट, सोबत जेवण, याला तो म्हणायचं का? बरेच पीजीवाले नुसता फॉर्म भरून घेतात.

कागदपत्र: तिथे वाद होऊ शकतो, खरंय. म्हणून तर फॉर्मवरच्या अटी नीट हव्यात.

विदर्भकर: आमच्या मुलाचं डिपॉझिट कॉलेजने नो ड्यूज दिल्यावर लगेच परत केलं. तसा दाखला मागा.

लातूरची_आई: दादा, ते कॉलेजचं होस्टेल. हा खासगी पीजी आहे.

मेसवाली_ताई: ताई, भाडं आणि मेस वेगळी लिहून घ्या, ५,५०० अधिक ३,५०० अशी. नाहीतर दिवाळीत मुलगी घरी आली तरी खाडा मिळत नाही. दहा दिवसांचे जवळपास १,१६७ होतात. सलग पाच दिवसांच्या वर सुट्टी, दोन दिवस आधी कळवलं तर खाडा, ही अट मालकांना परवडते कारण किराणा-भाजी त्या अंदाजाने भरता येते. एका दिवसाचा खाडा कोणी देत नाही, त्यावर अडून बसू नका. शिवाय तुम्ही भेटायला गेलात तर रात्री राहता येईल का, किती पैसे, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी आईलाही खोलीत जाऊ देत नाहीत, बाहेर हॉलमध्येच बसवतात.

लातूरची_आई: सहा महिन्यांचा लॉक-इनही आहे. कॉलेज बदललं तर?

कागदपत्र: 'प्रवेश रद्द झाल्यास किंवा कॉलेज बदलल्यास लॉक-इन लागू नाही, फक्त नोटीस' एवढं वाक्य मागून बघा. काही मालक देतात, काही नाही.