‘निअर-क्रिटिकल पाथ’ला मराठीत काय म्हणावे?

पानोपानी
साइटवरच्या पर्यवेक्षकांसाठी कामाच्या वेळापत्रकावर एक टिपण मराठीत करते आहे. ‘क्रिटिकल पाथ’ला, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीला, परिभाषेच्या वळणावर ‘क्रांतिक मार्ग’ लिहिले. अडलेय ते ‘निअर-क्रिटिकल’पाशी. ‘उपक्रांतिक’ चालेल का? आणि ‘फ्लोट’ला काय म्हणावे? फोंडा-डिचोलीकडच्या माणसाला वाचताक्षणी कळेल असा शब्द हवा.

शिगमोप्रेमी
ताई, फ्लोटला ‘चित्ररथ’ हा रुळलेला शब्द आहे. शिगमोच्या बातम्यांत, कार्निवलच्याही, तोच छापतात. आमच्या मंडळाच्या चित्ररथाचा सांगाडा, रंगकाम आणि दिवे ही तिन्ही कामे एकदम चालतात आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री एकाच ट्रकवर येतात. तुमचे टिपण त्याविषयीच असेल तर आमची यादी देतो.

पानोपानी
नाही हो दादा, इथला फ्लोट म्हणजे एखादे काम किती दिवस लांबले तरी शेवटची तारीख हलत नाही, ते दिवस. पण तीन कामे एका ट्रकवर येतात हे तुमचे उदाहरण अगदी लागू पडते.

तिसवाडीकर
फ्लोट म्हणजे ‘सवड’. क्रिटिकल म्हणजे सवड शून्य. ‘निअर-क्रिटिकल’साठी वेगळा शब्द कशाला? शून्य सवडीच्या मार्गावर लक्ष ठेवले की झाले. बाकीच्यांना दोन दिवस सवड असेल तर प्रत्येक कामाला दोन दिवस मिळालेच आहेत.

चिरेबंदी
‘सवड’ शब्द एकदम बरोबर, तोच घ्या. पण प्रत्येक कामाला दोन दिवस हा हिशेब चुकतो आणि साइटवर नेमका तिथेच घोटाळा होतो. पावसाआधी छप्पर घालायच्या एका छोट्या सभागृहाचे जाळे घेऊ. 18 एप्रिलला सुरुवात, रविवार धरून दिवस मोजलेत.

```
क: खांब-तुळया 22 → टेकू ठेवून थांबणे 14      = 36
ख: कैच्यांचा आराखडा 8 → जोडणी 20 → रंग 6   = 34
ग: पत्र्यांची मागणी 5 → तयार होणे 25 → वाहतूक 5 = 35
तिन्ही झाल्यावर: छप्पर उभारणी 9
```

क्रेन एकदाच येते, म्हणून तिन्ही मार्ग पुरे झाल्याशिवाय उभारणी सुरू होत नाही. 36 आणि 9 मिळून 45 दिवस, म्हणजे 1 जून. गोव्यात मॉन्सून बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, तेव्हा पुढे फारशी जागा उरत नाही. सवड ‘क’ला 0, ‘ग’ला 1, ‘ख’ला 2.

आता ‘ख’कडे पाहा. आराखड्यासमोर सवड 2, जोडणीसमोर 2, रंगासमोरही 2 दिसते. ते सहा दिवस नव्हेत, तेच दोन दिवस तीन ठिकाणी लिहिलेले आहेत. आराखडा मंजूर व्हायला 8 ऐवजी 10 दिवस गेले की फॅब्रिकेटर आणि रंगारी दोघांची सवड शून्य झाली. त्यांना कोणी सांगितले नाही, तर कागदावरचे दोन दिवस खरे धरून तेही निवांत राहतात. विहीर सामाईक असते, तशी ही सवड सामाईक आहे. टिपणात निदान एकदा ‘मार्गाची सामाईक सवड’ असे लिहाच.

तिसवाडीकर
मान्य. मग ‘क’वर जादा माणसे लावून दोन दिवस वाचवू. 43 दिवसांत संपेल.

चिरेबंदी
44 दिवसांत संपेल. ‘क’ 34 वर आला की 35 दिवसांचा ‘ग’ पुढे होतो. दोन दिवसांचे पैसे मोजून हाती एकच दिवस लागतो. शिवाय ‘क’मधले 14 दिवस माणसे वाढवून कमी होत नाहीत. 6 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या तुळईखालचे टेकू तेवढे दिवस ठेवावेच लागतात. वाचवायचे ते पहिल्या 22 दिवसांतून. म्हणून पैसे टाकण्याआधी पुढचा मार्ग किती दिवस मागे आहे ते बघायचे.

याहून मोठा धोका मात्र तिन्ही मार्ग एकत्र येतात तिथे आहे. मार्गांच्या सरासरी मुदती वरच्याच धरा आणि प्रत्येक मार्ग साधारण 3 दिवस मागे-पुढे होतो असे माना. 3 हा माझा अंदाज आहे, तुमच्या साइटचा वेगळा असेल. 36 व्या दिवशी ‘क’ तयार असण्याची शक्यता 50 टक्के, ‘ग’ची 63, ‘ख’ची 75. क्रेनला तिन्ही हवेत, म्हणून गुणाकार:

```
0.50 × 0.63 × 0.75 = 0.24
```

एकट्या ‘क’कडे पाहणाऱ्याला निम्मी खात्री वाटते, प्रत्यक्षात ती चौथ्या हिश्शाच्या आसपास आहे. क्रेन 40 व्या दिवशी बोलावली तर तीच शक्यता 84 टक्क्यांच्या घरात जाते. फक्त ‘क’ला धरून चालणारा माणूस 39 व्या दिवशीच तेवढी खात्री आहे असे समजतो.

पानोपानी
म्हणजे तिन्ही मार्ग आपापल्या तारखा बऱ्यापैकी पाळत असले तरी छप्पर उशिरा?

चिरेबंदी
हो. सगळ्यांत मागे राहिलेला मार्गच उभारणीची तारीख ठरवतो. तो कोणता असेल ते आधी कळत नाही. ‘ग’ची सवड 10 दिवस असती तर तो गुणाकारात जवळपास 1 धरला असता आणि फरक पडला नसता. सवड जवळजवळ सारखी असली की असे होते.

तिसवाडीकर
पण वळवाचा पाऊस आला तर तिन्ही कामे एकदम अडतात. मग शक्यता 24 च्याही खाली जाणार.

चिरेबंदी
इथे उलटे होते. गुणाकार कामे एकमेकांवर अवलंबून नसतील तेव्हाचा आहे. एकाच कारणाने तिन्ही मागे-पुढे होत असतील तर वेळेत संपण्याची शक्यता 24 पेक्षा वाढते, जास्तीत जास्त 50 पर्यंत. मात्र उशीर झाला की सगळ्यांचा एकदम होतो आणि तो मोठा असतो. पाऊस उघड्यावरच्या ओतकामाला अडवेल, शेडमधल्या जोडणीला तेवढे नाही, त्यामुळे खरा आकडा मधे कुठेतरी. तो मी छातीठोक सांगणार नाही. खांबांच्या सळया आणि कैच्यांची जोडणी एकाच वेल्डरकडे असेल, तर मात्र जाळेच चुकले आहे. तिथे दोन कामांमध्ये बाण काढावा लागेल आणि सवड नव्याने मोजावी लागेल.

पानोपानी
मग शब्द? ‘उपक्रांतिक’ला ‘कमी महत्त्वाचा’ असा वास येतोय.

तिसवाडीकर
‘लगतचा मार्ग’ घ्या.

चिरेबंदी
लगतचा म्हटले की नकाशातला शेजारचा रस्ता वाटतो. मला ‘काठावरचा मार्ग’ पटतो. काठावर पास झालेला मुलगा सगळ्यांना कळतो, एक गुण इकडे-तिकडे झाला की नापास. किती दिवसांच्या सवडीपर्यंत काठावरचा म्हणायचे, ते मात्र टिपणात आकड्यानेच सांगा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये Options > Advanced मध्ये `Tasks are critical if slack is less than or equal to` इथे 0 च्या जागी 2 घातले आणि Format मध्ये Critical Tasks वर टिक केली की ‘क’, ‘ख’, ‘ग’ तिन्ही लाल दिसतात.

तिसवाडीकर
सगळेच लाल झाले तर पर्यवेक्षक बघणार कशाकडे? वर्षभराच्या कामाला 2 फार कमी आणि या सभागृहाला जास्तच.

चिरेबंदी
इथे 2 हवेच, कारण मार्ग 3 दिवस मागे-पुढे होतात हेच आपण धरले आहे. त्याच्या आतली सवड ही सवडच नव्हे. मोठ्या कामात तो आकडा वेगळा निघेल, तिथे तुमचे बरोबर. लाल रंगाऐवजी दर सोमवारी तिन्ही मार्गांची उरलेली सवड फळ्यावर लिहा. ‘ख’ची 2 वरून 1 झाली की त्याच दिवशी फॅब्रिकेटरला फोन करायचा.

शिगमोप्रेमी
आमच्या दिव्यांच्या कामाला हेच लागू होते की काय? सांगाडा वेळेत होतो, रंगही होतो, तरी ट्रक दरवेळी रात्री उशिरा निघतो.

पानोपानी
दादा, तुमची यादी पाठवाच. ‘काठावरचा मार्ग’ आणि ‘सामाईक सवड’ लिहिते आहे. ‘क्रांतिक’ ठेवू की ‘कळीचा मार्ग’ करू?

तिसवाडीकर
‘कळीचा’ला माझे मत.

चिरेबंदी
माझे ‘क्रांतिक’ला. काम तर सगळेच कळीचे वाटते, हा मात्र मोजून काढलेला मार्ग आहे.