चौकातल्या प्रश्नांवर एक भर

«लायसन्सच्या परीक्षेसाठी वाहतुकीची चिन्हं पाठ झाली. पण सिग्नल नसलेल्या चौकात आधी कोण जाणार, हा प्रश्न दर वेळी चुकतो.»

आधी एकच पाहा: रस्त्यांपैकी एखादा मुख्य रस्ता आहे का? असेल, तर त्यावर शिरणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या वाहनांना वाट द्यायची. नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला.

उजवीकडूनच का? आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे उजवीकडून येणारं वाहन चौकाच्या आपल्या बाजूच्या अर्ध्या भागातून जातं. पुढे सरकलात की थेट त्याच्यासमोर.

समजा, सारख्याच दोन रस्त्यांचा चौक आहे. तुम्ही दुचाकीवर, उजवीकडून रिक्षा, डावीकडून ट्रक, तिघंही सरळ जाणार. रिक्षा आधी जाईल, मग तुम्ही, शेवटी ट्रक. कारण ट्रकच्या उजवीकडे तुम्ही आहात. (रस्त्यावर ट्रक थांबेलच असं नाही, पण परीक्षेत तो थांबतो!) ‘मोठं वाहन आधी’ किंवा ‘हॉर्न देऊन पुढे जा’ हे पर्याय फसवायलाच दिलेले असतात.

आता याच चित्रात तुमच्या बाजूला लाल किनारीचा उलटा त्रिकोण आला, तर उत्तर पालटतं. तो ‘रस्ता द्या’ सांगतो, म्हणजे ट्रकलाही आधी जाऊ द्यायचं. लाल अष्टकोन असेल, तर रस्ता मोकळा दिसला तरी पूर्ण थांबायचं. नुसता वेग कमी करणं चूक.

गोल चक्कर असेल, तर आत फिरणाऱ्याला वाट. तोही तुमच्या उजवीकडूनच येतो, त्यामुळे वेगळं पाठांतर नको.