शब्दचर्चा: ‘मिस्ड कॉल द्या’, पण तोडायचा कोणी?

सायली_ठाणे
एका कारखान्यातल्या कामगारांसाठी पीएफचं माहितीपत्रक मराठीत करतेय. वाक्य साधं आहे: यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 वर मिस्ड कॉल द्या, शिल्लक एसएमएसने येईल. तपासणाऱ्या बाईंनी ‘मिस्ड कॉल द्या’वर लाल रेघ मारली. त्यांचं म्हणणं, चुकलेली गोष्ट देणार कशी? ‘अनुत्तरित कॉल करा’ लिहा. तुम्ही काय लिहाल?

मुळाक्षर
बाईंचं बरोबर आहे. ‘देणे’ हे हिंदीतून आलंय. आपण कॉल करतो, देत नाही.

निवांत सातारकर
आम्ही कॉलेजात मिसकॉल मारायचो! एक रिंग म्हणजे ‘निघालो’, दोन म्हणजे ‘खाली ये’. तिसरी वाजायच्या आत समोरच्याने मुद्दाम उचलला की एक रुपया गेला आणि मैत्रीही.

दत्ता जोशी
सातारकर, तुमच्या मिसकॉलमध्ये आणि या सेवेत फरक आहे, आणि सायलीताईंची खरी अडचण तिथेच आहे. तुम्ही स्वतः फोन तोडत होतात. इथे तोडायचं काम यंत्राचं. एक्स्चेंजच्या नोकरीत जन्म गेला म्हणून सांगतो: आपण नंबर फिरवला की समोरची घंटी वाजण्याआधीच आपला नंबर तिकडे पोचलेला असतो. पैसे मात्र समोरच्याने उचलल्यावरच लागू होतात. या दोहोंमधल्या फटीवर सगळी सेवा उभी आहे. पलीकडचा सर्व्हर आपला नंबर टिपून घेतो, उचलत नाही, पीएफच्या बाबतीत दोन रिंगनंतर कॉल सोडून देतो. मग तो नंबर कुठल्या यूएएनला जोडलाय ते शोधून एसएमएस धाडतो. बोलायचं काही नाही.

माईंची सून
अगदी! सासरे पीएफसाठी फोन लावायचे, तो आपोआप कट व्हायचा. ‘उचलत नाहीत मेले’ म्हणून सहा-सात वेळा लावायचे. एसएमएसही येईना. शेवटी कळलं, फोनमध्ये दोन सिम आणि कॉल जात होता दुसऱ्याच सिमवरून. तो नंबर पीएफला ठाऊकच नव्हता. सिम बदलून लावला आणि चहा गाळेपर्यंत एसएमएस हजर.

मुळाक्षर
म्हणजे उत्तर मिळतंच की, एसएमएसने! मग ‘अनुत्तरित’ही चुकीचंच. माघार घेतो. ‘घंटी द्या’ कसं वाटतं?

कोपरखळी
मूळ शब्द ‘मिषकॉल’ आहे. बोलण्याचं मिष करून केलेला कॉल. इंग्रजांनी आपल्याकडून उचलला.

मुळाक्षर
चेष्टा पुरे. पण ‘मिष’ सुचलं ते बरंय.

अनघा_पुणे
दत्ताकाका, नंबर खोटा दाखवता येतो असं वाचलंय. मग कोणीही माझ्या नंबराने मिस्ड कॉल देऊन माझी शिल्लक काढेल की!

दत्ता जोशी
नंबर खोटा दाखवता येतो, ते खरंय. म्हणून तर शिल्लक फोनवर ऐकवत नाहीत. एसएमएस जातो तो खऱ्या नंबरावर, म्हणजे तुमच्याच हातात. भामट्याला काही मिळत नाही, तुम्हाला फक्त न मागितलेला एसएमएस येतो. मात्र ‘मिस्ड कॉल आला, म्हणजे संमती मिळाली’ असं कोणी धरलं तर तो कच्चा पुरावा. काही अ‍ॅप उलटं करतात: तेच आपल्याला कॉल करून तोडतात आणि कुठल्या नंबरावरून आला ते अ‍ॅप स्वतः वाचून घेतं. तिथे मिस्ड कॉल ‘येतो’, द्यावा लागत नाही.

निवांत सातारकर
२०११ ला अण्णांच्या आंदोलनाला मिसकॉल मारला होता. आता कळलं, माझा नंबर तिकडे कसा पोचला ते.

सायली_ठाणे
मग असं लिहू का? ‘यूएएनला जोडलेल्या सिमवरून या क्रमांकावर फोन लावा. दोन रिंगनंतर तो आपोआप बंद होईल. पुन्हा लावू नका, एसएमएसची वाट पाहा. पैसे लागत नाहीत.’ ‘मिस्ड कॉल’ हा शब्दच नको.

माईंची सून
शब्द ठेवा हो. सासऱ्यांना ‘मिसकॉल’ कळतो, ‘फोन लावा’ म्हटलं की बोलायला बसतात. आणि रिचार्ज संपलं असेल तर कॉल बाहेरच पडत नाही, तेही लिहा. ‘फुकट’ वाचून बंद पडलेल्या सिमवरून लावत बसतात लोक.

दत्ता जोशी
आणखी एक. यूएएन सुरू केलेला हवा, आणि बँक खातं, आधार किंवा पॅन यांपैकी काहीतरी जोडलेलं हवं. नाहीतर व्याकरण कितीही शुद्ध ठेवा, एसएमएस येणार नाही.

मुळाक्षर
‘फोन लावा’ की ‘फोन करा’? ‘लावणे’ तर दिवा लावतात तसं.

कोपरखळी
आणि नाट लावतात तसंही.

मुळाक्षर
‘नाट’ शब्दावर वेगळा धागा काढतो.