प्रतिसाद: रेकोवाल्या सरांना थँक्यू मेल

> "अ‍ॅडमिट आलाय, सरांना थँक्यू मेल करायचाय पण नेमकं काय लिहू? दोन रिजेक्टपण आलेत, ते सांगायचे का?"

हो, रिजेक्टपण सांग. मी इंजिनिअरिंगला शिकवते आणि दर डिसेंबरात मुलांसाठी रेकमेंडेशन लेटर्स लिहिते, प्रत्येक युनिव्हर्सिटीची लिंक वेगळी येते, लेटर अपलोड करून वर फॉर्ममध्ये हा विद्यार्थी वर्गात पहिल्या किती टक्क्यांत बसतो तेही भरावं लागतं, आणि एवढं करून निकाल काय लागला हे युनिव्हर्सिटी आम्हाला सहसा कळवत नाही. तो तुझ्याकडूनच कळणार. कुठे झालं, कुठे नाही, हे कळलं की पुढच्या वर्षी तिथेच अप्लाय करणाऱ्या मुलाला काय सांगायचं तेही कळतं गं.

मेल छोटाच ठेव, असा काहीतरी:

"सर, नमस्कार. मला अमुक युनिव्हर्सिटीत एमएससाठी प्रवेश मिळाला, फॉलपासून जातेय. बाकी दोन ठिकाणी नाही झालं. तुम्ही सबमिशनच्या गडबडीत तिन्ही लेटर्स वेळेत पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. थर्ड इयरला तुम्ही कंट्रोल सिस्टिम्सचा मिनी प्रोजेक्ट पुन्हा करायला लावलात, एसओपीत मी त्याबद्दलच लिहिलं होतं."

ती शेवटची ओळ तुझी स्वतःची हवी, नेटवरून उचललेली लगेच ओळखू येते. लेटरमध्ये काय लिहिलंत हे मात्र विचारू नकोस, अर्ज भरताना बहुतेक मुलं ते बघायचा हक्क सोडून देतात. महागडं गिफ्टही नको, आम्हाला अवघडायला होतं. आणि नवीन मागणी याच मेलमध्ये घालू नकोस, फंडिंगसाठी आणखी एखादं लेटर हवं असेल तर त्याचा मेल नंतर वेगळा कर.