मदत हवी आहे: + आणि − लावून टार्गेट गाठायचं, पण उत्तर कमी येतंय

सायली_टीवाय
उद्या सकाळी प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट आहे, प्लीज लवकर सांगा. आकड्यांची यादी देतात, प्रत्येक आकड्यापुढे + किंवा − लावायचं आणि एकूण टार्गेटइतकं आलं पाहिजे. असं किती प्रकारे होतं ते मोजायचं. मी सबसेट समवर नेऊन सोडवलंय. `[1,1,1,1,1]` आणि टार्गेट ३ ला ५ येतं, ते बरोबर आहे. पण सबमिट केलं की काही केसेसना उत्तर कमी येतं आणि एका केसला प्रोग्रामच पडतो. फॉर्म्युला तपासून झाला, तो बरोबर आहे. मग काय चुकतंय?

रेवदंडा
आतला लूप उलटा चालवलाय का? मोठ्या बेरजेकडून छोट्या बेरजेकडे यायचं असतं. सुलटा चालवला तर तोच आकडा पुन्हा पुन्हा वापरला जातो. माझं हेच व्हायचं, तुझ्याच पाच एकांच्या केसला ५ ऐवजी ७० यायचे. लूप उलटा केला की सुटेल.

निशिगंध
रेवदंडा, तसं असतं तर उत्तर जास्त आलं असतं, तिचं कमी येतंय. आणि पाच एकांना तिचं ५ च येतंय.

सायली, कोड टाक. कोणती भाषा? कोणती केस पडते? यादीत शून्य असू शकतं का, आणि टार्गेट ऋण असू शकतं का?

सायली_टीवाय
पायथन. एक ओळ नाही, पूर्ण तक्ता ठेवलाय, त्यामुळे उलट-सुलटचा प्रश्नच येत नाही. आकडे ० ते १०००, जास्तीत जास्त २० आकडे, सगळ्यांची बेरीज १००० च्या आत. टार्गेट −१००० ते १०००. पण शून्याने काय होणार? + लावा नाहीतर −, बेरीज तीच राहते.

```python
def ways(nums, target):
    total = sum(nums)
    if (total + target) % 2:
        return 0
    P = (total + target) // 2
    n = len(nums)
    dp = [[0]*(P+1) for _ in range(n+1)]
    for i in range(n+1):
        dp[i][0] = 1
    for i in range(1, n+1):
        for j in range(1, P+1):
            dp[i][j] = dp[i-1][j]
            if nums[i-1] <= j:
                dp[i][j] += dp[i-1][j-nums[i-1]]
    return dp[n][P]
```

तळटीप
वीसच आकडे आहेत ना? मग तक्त्याच्या फंदात पडायचंच कशाला? दोनाचा विसावा घात म्हणजे १०,४८,५७६, साडेदहा लाखांच्या आत. सरळ रिकर्शन लिही, प्रत्येक आकड्याला एकदा + एकदा −, शेवटी टार्गेट आलं की एक वाढव. चार ओळींत काम होतं आणि शून्य, ऋण टार्गेट, सम-विषम कशाचीच काळजी उरत नाही.

सायली_टीवाय
उद्याच्या टेस्टमध्ये वीसच असतील हे कोण सांगणार? मला ह्यातलंच चुकलेलं सापडायला हवंय.

निशिगंध
सापडलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने उत्तर कमी येतं आणि दुसरीने प्रोग्राम पडतो.

आधी उत्तर कमी का येतं ते बघू. + लावलेल्या आकड्यांची बेरीज P आणि − लावलेल्यांची N. P − N म्हणजे टार्गेट, P + N म्हणजे एकूण बेरीज, म्हणून P म्हणजे एकूण अधिक टार्गेट ह्याचं निम्मं. इथपर्यंत तुझं ठीक आहे. आता शून्याकडे बघ. +० आणि −० ने बेरीज बदलत नाही हे खरं, पण प्रश्न बेरीज विचारत नाही, चिन्हं लावण्याचे प्रकार विचारतो. ते दोन वेगळे प्रकार आहेत. म्हणजे प्रत्येक शून्याने उत्तर दुप्पट व्हायला हवं.

तुझ्या तक्त्यात `dp[i][0] = 1` ही ओळ सगळ्या i साठी आहे. तिचा अर्थ, बेरीज ० करायचा एकच मार्ग, काहीच न घेणे. यादीत शून्य असेल तर ते खोटं आहे, कारण शून्य घेतलं तरी बेरीज ० च. 'होईल की नाही' एवढंच विचारणाऱ्या सबसेट सममध्ये पहिला रकाना सगळा True भरतात आणि ते बरोबर असतं, कारण तिथे मोजायचं नसतं. तीच सवय इथे आली की मोजणी बिघडते.

हातानेच करून बघ. `[1,0,2,3]`, टार्गेट ०. एकूण ६, म्हणून P = ३. शून्य सोडून ३ बनवायचे प्रकार दोन, १ आणि २ घेऊन किंवा नुसता ३ घेऊन. शून्यामुळे दुप्पट, उत्तर ४. तुझा तक्ता ओळीओळीने असा भरतो, बेरीज ० ते ३:

```
start   1 0 0 0
1       1 1 0 0
0       1 2 0 0
2       1 2 1 2
3       1 2 1 3
```

शून्याच्या ओळीत १ च्या रकान्यात दोन झाले, ते बरोबर. पण पहिल्या रकान्यातही २ व्हायला हवे होते, ते तू १ वर अडकवून ठेवलेस. पुढे ३ आला, त्याने त्या पहिल्या रकान्यातून घेतलं आणि त्याला एकच मिळाला. म्हणून ४ ऐवजी ३.

आता तीच यादी `[0,1,2,3]` अशी देऊन बघ, तुझा कोड २ देईल. `[1,2,3,0]` दिलीस तर ४, म्हणजे बरोबर! यादीचा क्रम बदलल्यावर मोजणी बदलायला काहीच कारण नाही. ती बदलते ह्यावरूनच कळतं की तक्ता भरताना कुठेतरी गडबड आहे. टेस्टमध्ये बरोबर उत्तर माहीत नसलं तरी यादी उलटी करून देता येते, चूक पकडता येते.

रेवदंडा
मग सोपं आहे, यादी उतरत्या क्रमाने लाव. शून्यं शेवटी जातात आणि तुझाच कोड चालतो. एक ओळ वाढवायची, `nums.sort(reverse=True)`. आत्ताच `[0,1,2,3]` वर करून बघितलं, ४ आले.

सायली_टीवाय
खरंच की! सबमिट करते.

निशिगंध
थांब, `[1,0]` आणि टार्गेट −१ करून बघ. यादी आधीच उतरती आहे. एकूण १, म्हणून P = ०. खरी उत्तरं दोन, −१+० आणि −१−०. तुझा कोड सरळ पहिला रकाना वाचणार आणि १ सांगणार. टार्गेट म्हणजे एकूण बेरीजच, पण ऋण, असं असलं की सॉर्ट करूनही फसतं. इतर ठिकाणी ते चालतं, कारण शून्यं येईपर्यंत उत्तराचा रकाना भरून झालेला असतो आणि मग तो नुसता दुप्पट होत जातो. रेवदंडा, मूळ दुखणं तसंच ठेवून ते बाजूला सारलंय एवढंच.

रेवदंडा
P शून्य असेल तर वेगळं हाताळायचं, दोनाचा जितकी शून्यं तितकावा घात. त्यात काय एवढं? किंवा शून्यं आधीच काढून टाकायची आणि शेवटी तेवढ्या वेळा दुप्पट करायचं.

निशिगंध
शून्यं काढून शेवटी दुप्पट करणं पूर्ण बरोबर आहे, त्याला माझा आक्षेप नाही. पण तक्ता नीट भरला तर वेगळं काही करावंच लागत नाही. `dp[0][0] = 1` एवढाच एक खण भर आणि आतला लूप १ ऐवजी ० पासून चालव. शून्य आलं की पहिला रकानाही इतरांसारखाच दुप्पट होतो.

आणि प्रोग्राम पडतो तो बहुधा `[100]` आणि टार्गेट −२०० सारख्या केसला. एकूण अधिक टार्गेट म्हणजे −१००, सम आहे, म्हणून तुझ्या पहिल्या तपासणीतून निसटतं. P होतो −५०. पायथन ऋण लांबीची यादी गुपचूप रिकामी करून देतो, आणि मग `dp[i][0]` म्हटलं की IndexError. टार्गेट १००० आणि बेरीज १०० असेल तर प्रोग्राम पडत नाही, उगीच मोठा तक्ता भरून ० देतो. दोन्हीला एकच ओळ पुरते:

```python
if abs(target) > total or (total + target) % 2:
    return 0
```

खजिनदार_काका
विषय बघून आलो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक हिशेबात जमा-खर्चाचा मेळ बसत नाही, ७,४६० रुपयांचा फरक येतोय. कुठल्या तरी नोंदी जमेऐवजी खर्चाला किंवा खर्चाऐवजी जमेला पडल्यात. चाळीसेक नोंदी आहेत. ही पद्धत वापरून कुठल्या नोंदींचं चिन्ह चुकलंय ते कळेल का?

निशिगंध
काका, तुमच्याकडे P चंच गणित आहे. एक नोंद चुकीच्या बाजूला पडली की फरक तिच्या दुप्पट येतो. म्हणून आधी ३,७३० ची नोंद शोधा. नसेल तर ज्या दोन नोंदींची बेरीज ३,७३० आहे अशी जोडी बघा, फक्त दोन्ही एकाच बाजूला पडलेल्या हव्यात. एक इकडे, एक तिकडे असेल तर वजाबाकी बघायची.

तळटीप
सगळ्या नोंदींवर चालवून यादीच काढा ना. किती प्रकार ते न मोजता कुठले प्रकार ते छापायचं, तक्त्यातून मागे येत गेलं की निघतात.

निशिगंध
निघतील, पण चाळीस नोंदींचे सबसेट एक लाख कोटींच्या वर होतात. ३,७३० ला जुळणारे त्यात खूपच निघू शकतात आणि त्यातला खरा कुठला ते तक्ता सांगणार नाही. शिवाय पैशांत हिशेब असेल तर ३,७३० चे ३,७३,००० रकाने होतात, तेही ध्यानात ठेवा.

तळटीप
पैशांत असेल तर तक्त्याऐवजी डिक्शनरी ठेवायची, ज्या बेरजा येतात तेवढ्याच साठवायच्या. आणि नोंदी महिन्यामहिन्याच्या वेगळ्या केल्या तर यादी लहान होईल. माझ्या मते करून बघायला हरकत नाही.

सायली_टीवाय
दोन्ही बदल केले, सगळ्या केसेस पास झाल्या. यादी उलटी करूनही तेच उत्तर येतंय. अजून एक, उद्या यादीतच ऋण आकडे दिले तर? P च्या गणितात `-3` कसा बसवायचा?

रेवदंडा
सगळ्यांत लहान आकडा वजा करून सगळे धन करून घे, मग टार्गेटही तेवढंच सरकव.

निशिगंध
नाही, तसं केलं तर किती आकड्यांना + लावलाय त्यावर टार्गेट किती सरकेल ते ठरतं, ते एक राहत नाही. त्याची गरजही नाही. −३ ला + लाव किंवा − लाव, हाती −३ किंवा ३ च येणार. ३ लाही तेच दोन पर्याय आहेत. म्हणून आधी `nums = [abs(x) for x in nums]` कर, मोजणी तीच राहते. `total` मात्र त्यानंतर काढ.

खजिनदार_काका
३,७३० ची नोंद नाही. २,४८० आणि १,२५० अशी जोडी मिळाली, दोन्ही पाण्याच्या टँकरच्या आणि दोन्ही जमेला. आणखी एक जोडी आहे, ३,००० आणि ७३०, तीही जमेलाच दिसते. पावत्यांची फाइल सेक्रेटरींकडे आहे, रविवारी बघतो.

तळटीप
काका, तीन नोंदींचे गटही बघून ठेवा, दोन्ही जोड्या पावतीशी जुळल्या नाहीत तर लागतील.