‘नी पॉइंट’ला मराठीत काय म्हणावं?

रेघोटी: अंबडच्या एका कारखान्यासाठी इलेक्ट्रिक रिक्षाच्या बॅटरीची देखभाल-पुस्तिका मराठीत करते आहे. मजकूर असा: लिथियम-आयन बॅटरीची क्षमता आधी सावकाश घटते आणि ‘नी पॉइंट’नंतर झपाट्याने. मी ‘गुडघाबिंदू’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी गुडघेदुखीचं पत्रक वाटतं म्हणून खोडलं. त्यांना ‘वळणबिंदू’ हवाय. तुम्ही काय लिहाल?

सिडकोवाला: ताई, नी म्हणजे चार्ज संपत आला की व्होल्टेज धाडकन पडतं ती जागा. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास तासन्‌तास टिकतो आणि ३ च्या खाली गेला की कोसळतो. साधं ‘बॅटरी बसली’ लिहा, रिक्षावाल्याला कळेल.

सेलपारखी: दादा, तोही गुडघाच, पण एका दिवसातला. रात्री चार्ज केलं की सकाळी तो प्रश्न मिटतो. ताई विचारताहेत तो वयाचा गुडघा, चार्ज करून न मिटणारा.

उदाहरणादाखल आकडे घ्या. नव्या बॅटरीची क्षमता १०० अँपिअर-अवर, म्हणजे एएच. एकदा चार्ज होऊन रिकामी झाली की एक सायकल, आणि दर १०० सायकलला २ एएच घट. ६०० सायकलला ८८ उरले. याच चालीने ८० गाठायला १००० सायकल लागाव्यात. पण ७०० ला ८६, ८०० ला ८३, ९०० ला ७७ आणि १००० ला थेट ६७. सुरुवातीच्या बिंदूंतून एक सरळ रेघ ओढा, शेवटच्या दोन बिंदूंतून दुसरी. त्या ८४० सायकलच्या आसपास एकमेकींना छेदतात, तो नी पॉइंट. पण दुसरी रेघ ओढायला पुढचे आकडे लागतात. म्हणजे गुडघा ओलांडल्यावरच नेमका सापडतो.

रामकुंड_७७: एवढं कशाला? क्षमता ८० टक्क्यांवर आली की नी पॉइंट. सरळ ‘ऐंशीची रेघ’ म्हणा.

सेलपारखी: ८० टक्के हा बॅटरी बदलायचा ठरवून घेतलेला आकडा आहे. वरच्या उदाहरणात वाकण ८३ लाच आलं, दुसऱ्या सेलमध्ये ते ७५ लाही येईल.

कारण कळलं तर शब्दही सुचेल. चार्ज-डिस्चार्ज होताना ग्राफाइटवर पातळ साल धरत जाते. त्यात थोडं लिथियम अडकतं, ती सावकाश घट. साल वाढून ग्राफाइटमधली छिद्रं बुजू लागली की चार्जिंगच्या वेळी लिथियमला आत शिरायची वाट अपुरी पडते आणि ते पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. तो धातू इलेक्ट्रोलाइटशी भिडला की आणखी साल, आणखी छिद्रं बंद. चक्र स्वतःलाच ढकलू लागतं, म्हणून उतार वाढतो. निफाडच्या थंडीत पहाटे गारठलेल्या बॅटरीला फास्ट चार्जर लावला तर हा धातूचा थर लवकर धरतो.

घाटवाट: मग ‘घाटमाथा’ म्हणा! नाशिकहून इगतपुरीपर्यंत उतार जाणवत नाही, पुढे कसारा घाट लागला की रस्ता खालीच.

रेघोटी: छान आहे, पण पुस्तिका विदर्भातही जाणार. ‘वळणबिंदू’ मला खटकतो. वळण कुठल्याही बाजूला असतं, इथे उतार फक्त तीव्र होतो.

शुद्धलेखनी: ‘गुडघा’ला माझा विरोध वेगळा आहे. खुर्चीवर बसलं की मांडी आडवी आणि पोटरी खाली, तेव्हा हा आलेख जुळतो. उकिडवं बसणाऱ्याचा गुडघा वर टोक काढतो. ‘ढोपर’ घ्या, अस्सल शब्द आहे.

सिडकोवाला: आमच्याकडे ढोपर म्हणजे हाताचं. कामगार कोपर चोळत बसेल! ‘मान टाकली’ का नको?

सेलपारखी: मान टाकली म्हणजे संपली. इथे अजून ८३ एएच शिल्लक आहेत, गाडी धावते आहे. मी ‘नी पॉइंट’च ठेवेन. गॅरेजात तोच शब्द चालतो.

शुद्धलेखनी: गॅरेजात चालतं ते सगळं पुस्तकात आणायचं, तर भाषांतर करायचंच कशाला?

रामकुंड_७७: सर, एक शंका. आमच्या रिक्षाची बॅटरी तीन महिन्यांत ८५ वरून ७० टक्क्यांवर आली. हाच गुडघा ना?

सेलपारखी: लगेच तसं म्हणू नका. आधी पॅकमधल्या सेलची व्होल्टेजं जुळताहेत का पाहा. एकच सेल मागे पडला तरी सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, सगळा पॅक लवकर बंद करतं. ती जुळत असतील तर पूर्ण चार्ज करून फार मंद, २० तासांत रिकामी होईल अशा करंटने क्षमता मोजा. आकडा बराच वर आला तर अंतर्गत रोध वाढलाय, लिथियम बरंचसं शाबूत आहे. मंद मोजूनही ७० च आले तर लिथियम किंवा त्याला सामावणारा माल गेलाय, तो परत येत नाही. दोन्हींत आलेख सारखाच वाकतो.

रेघोटी: म्हणजे एकाच वाकणाची कारणं दोन. मग शब्दही दोन लागतील का?

शुद्धलेखनी: ढोपर हाताचं कुठल्या तालुक्यात म्हणतात, तेवढं आधी सांगा.